घरातलं नेट सकाळीच का रडतं? बॅकअप, सिंक आणि अपडेट यांना वेसण घालायची पद्धत

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नाशिकमध्ये नेट स्लो असल्याच्या तक्रारी जरा जास्तच ऐकू येतात. आदल्या दिवशी रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदात, उड्या मारतानाचे व्हिडिओ काढलेले असतात, फोन घरी येऊन वायफायला लागलेला असतो आणि तो गुपचूप कामाला लागतो. सिडकोतल्या आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. थोरला मुलगा पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करतो. सकाळी साडेदहाच्या मीटिंगमध्ये त्याचा आवाज तुटायला लागला. तो समोरच्यांना दिसत नव्हता, पण त्याला मात्र सगळे अधूनमधून दिसत होते. नेटवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "दादा, लाइन ओके आहे, पन्नासचा प्लॅन पूर्ण मिळतोय." तो खोटं बोलत नव्हता. तरीही नेट चालत नव्हतं.

हा लेख या एकाच प्रकाराबद्दल आहे. घरात कुणी सिनेमा बघत नाही, कुणी गेम खेळत नाही, आणि तरी नेट अडकतं. अशा वेळी कारण कसं शोधायचं आणि काय बदलायचं, ते क्रमाने सांगतो. संगणकाची फार माहिती असायची गरज नाही.

आधी अपलोडचा आकडा माहीत करून घ्या

प्लॅन विकताना जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. अपलोडचा, म्हणजे आपल्या घरातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा वेग वेगळा असू शकतो. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात. पण केबलवाल्याच्या जुन्या लाइनवर किंवा गच्चीवर डबा लावून येणाऱ्या वायरलेस कनेक्शनवर अपलोड पुष्कळ कमी मिळतो. बॅकअप म्हणजे सगळा अपलोड, त्यामुळे आपल्या दृष्टीने हाच आकडा महत्त्वाचा.

ब्राउझरमध्ये fast.com उघडा. मोठा आकडा स्थिर झाला की Show more info वर टॅप करा. खाली Upload दिसेल आणि Latency चे दोन आकडे दिसतील, Unloaded आणि Loaded. लाइन रिकामी असताना उत्तर यायला किती वेळ लागतो ते पहिला सांगतो, लाइन भरलेली असताना किती लागतो ते दुसरा. ही चाचणी एकदा रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर करा आणि स्क्रीनशॉट ठेवून द्या. तुलना करायला तो लागणार आहे.

सिडकोच्या घरात डाउनलोड ४८ एमबीपीएस आला आणि अपलोड ५. इथेच अर्धं उत्तर मिळालं. एमबीपीएसमधला आकडा आठाने भागला की सेकंदाला किती एमबी जातात ते कळतं. म्हणजे त्यांच्या घरातून सेकंदाला जेमतेम ०.६ एमबी बाहेर जाऊ शकत होते. एक जीबी वर चढवायला सत्तावीस मिनिटं, आणि तेही बाकी कुणी काही पाठवत नसेल तर.

आता धाकट्या मुलाचा आयफोन बघा. त्याने रहाडीचे मिळून ४५ मिनिटांचे व्हिडिओ 4K मध्ये, सेकंदाला ३० फ्रेमवर काढले होते. या सेटिंगला आयफोन मिनिटाला साधारण १७० एमबी खातो. म्हणजे साडेसात जीबीच्या वर. रात्री फोनची बॅटरी संपली होती, सकाळी साडेनऊला त्याने तो चार्जिंगला लावला, आणि फोटोंचा सिंक सुरू झाला. ५ एमबीपीएसवर एवढं चढायला साडेतीन तास लागतात. साडेदहाची मीटिंग बरोब्बर त्याच्या मधोमध आली.

पण अपलोड भरला तर डाउनलोड का अडतो?

हे समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. आपण एखादं पान उघडतो तेव्हा सर्व्हरकडून डेटा तुकड्यातुकड्यांनी येतो आणि आपलं यंत्र 'एवढे मिळाले' अशी पोच परत पाठवत राहतं. पोच वेळेवर मिळाली नाही तर सर्व्हर पुढचे तुकडे हळू पाठवतो. पोच अगदी छोटी असते, पण ती जाते अपलोडच्याच वाटेने. आणि तिथे राउटरने व्हिडिओच्या पाकिटांची लांब रांग लावून ठेवलेली असते. द्वारका सर्कलला कंटेनरच्या रांगेमागे स्कूटी अडकते, तशी ती पोच अडकते. त्यामुळे ४८ एमबीपीएसची वाट मोकळी असूनही पान उघडत नाही.

व्हिडिओ कॉलचं तर आणखी अवघड. त्याला दोन्ही बाजूंना साधारण दीड-दोन एमबीपीएस पुरतात, पण ते सलग आणि वेळेवर लागतात. अर्धा सेकंद उशिरा पोचलेला आवाज कॉलच्या कामाचा नसतो, तो टाकून दिला जातो. म्हणून मुलाचा आवाज तुटत होता आणि समोरच्यांचा बऱ्यापैकी येत होता. ही खूण लक्षात ठेवा. तुम्ही त्यांना नीट ऐकता, पण त्यांना तुम्ही ऐकू येत नाही, तर संशय आधी अपलोडवर घ्यायचा.

नेट अडलेलं असतानाच दोन पिंग लावा

नेट स्लो असण्याची दोन कारणं नवख्या माणसाला सारखीच दिसतात. एक, घरातला वायफाय सिग्नलच कमजोर असणं. दोन, बाहेर जाणारी लाइन भरलेली असणं. उपाय अगदी वेगळे, त्यामुळे आधी फरक करायला हवा. नाहीतर माणूस हजार-दोन हजारांचा वायफाय एक्स्टेंडर आणतो आणि दुखणं तिथेच राहतं.

विंडोज लॅपटॉपवर स्टार्टमध्ये cmd टाइप करून काळी खिडकी उघडा. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. अशा दोन खिडक्या उघडून एकेकीत हे चालवा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

पहिला पत्ता आपल्या राउटरचा. तो प्रत्येक घरी हाच असेल असं नाही. Ipconfig टाइप केलं की Default Gateway समोर दिसतो तो घ्या. दुसरा पत्ता बाहेरचा, गुगलचा सर्व्हर. प्रत्येक ओळीच्या शेवटी time= पुढे मिलिसेकंद दिसत राहतील. बंद करायला Ctrl+C.

राउटरचा आकडा दोन-पाचवर शांत आहे आणि बाहेरचा वीस-तीसवरून तीनशे-चारशेवर गेलाय, तर लाइन भरली आहे. राउटरचाच आकडा उड्या मारतोय, तर दुखणं वायफायमध्ये आहे. लॅपटॉप राउटरजवळ नेऊन किंवा केबल लावून पुन्हा बघा. दोन्ही आकडे शांत आहेत आणि तरी एकच साइट उघडत नाही, तर ती त्या साइटची अडचण आहे, आपलं घर निर्दोष.

सिडकोत राउटर ३ मिलिसेकंद दाखवत होता आणि बाहेरचा पत्ता ३८०. मधूनच Request timed out येत होतं.

मग एकेकाचं वायफाय बंद करत जा

राउटरच्या आत शिरून कोण किती खातंय ते बघता येतं, पण कंपनीने दिलेल्या बऱ्याच राउटरमध्ये ही माहिती नसते, आणि असली तरी फोनची नावं ओळखू येत नाहीत. त्यापेक्षा सोपी रीत आहे. बाहेरच्या पत्त्याचा पिंग चालू ठेवा आणि घरातल्या एकेका फोनचं वायफाय अर्धा मिनिट बंद करा. ज्या फोनचं बंद केल्यावर चारशेचे तीस होतात, तोच आपला चोर. आकडा पडायला काही सेकंदच लागतात. टीव्ही, टॅबलेट, बंद करून ठेवलेला वाटणारा लॅपटॉप, आणि क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारा दारातला कॅमेरा, यांनाही सोडू नका.

दोन चोर असतील तर एकाला बंद करून आकडा अर्धवटच उतरतो. मग पहिल्याला बंदच ठेवून पुढे जायचं. इथे धाकट्याचा आयफोन बंद केल्यावर ३८० चे १५० झाले, आणि आईचा फोन बंद केल्यावर २२.

"माझ्या फोनमध्ये काय आहे रे? मी तर फक्त व्हॉट्सअ‍ॅप बघते," काकू म्हणाल्या. त्यांचं बोलणं खरं होतं.

अँड्रॉइडवर कोणत्या अ‍ॅपने वायफायचा किती डेटा वापरला ते सेटिंगमध्ये बघता येतं. नेटवर्कच्या भागात डेटा वापराचं पान असतं, त्यात मोबाइल डेटाऐवजी वायफाय निवडायचं. कंपनीगणिक जागा बदलते, म्हणून सेटिंगच्या शोधपट्टीत data usage टाइप करणं सगळ्यात सोपं. आयफोन अ‍ॅपनिहाय वायफायचा हिशोब दाखवत नाही, तिथे वायफाय बंद करून बघण्याचीच रीत.

एक क्लिप घराच्या लाइनवरून किती वेळा जाते

काकूंच्या फोनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येक घरात आहे. समजा धाकट्याने रहाडीची एक क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली. व्हॉट्सअ‍ॅपने ती दाबून १५ एमबीची केली. ती एकदा वर गेली. घरातल्या बाकी चार फोनवर वायफायमुळे आपोआप उतरली, म्हणजे ६० एमबी खाली. चारही फोन एकाच खोलीत असले तरी प्रत्येक जण ती बाहेरूनच आणतो.

आता प्रत्येक फोनच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रोजचा आहे आणि त्यात व्हिडिओही धरलेले आहेत असं समजा. मग तीच क्लिप पाच खात्यांत पाच वेळा वर जाते, ७५ एमबी. शिवाय कुणीतरी हौसेने पाचही फोनवर गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डरही बॅकअपला लावून दिलेलं असेल, तर आणखी तितकेच. दहा सेकंद बघून सोडून दिलेली १५ एमबीची क्लिप दीडशे एमबीच्या वर अपलोड करून बसते. आणि सणाच्या दिवशी ग्रुपवर एकच क्लिप कुठे येते!

आता बदल, मोठा खाणारा आधी

व्हॉट्सअ‍ॅपपासून सुरुवात करा. Settings, मग Chats, मग Chat backup. तिथे Include videos बंद करा. महत्त्वाचे व्हिडिओ गॅलरीतून वेगळे जपता येतात. ग्रुपवरचे सुप्रभात कुणाला जपायचे आहेत? बॅकअप रोजच्याऐवजी Weekly केला तरी बहुतेकांना चालतो. त्यानंतर Settings मधून Storage and data उघडा आणि When connected on Wi-Fi मध्ये Videos ची खूण काढा. मग क्लिप हवी असेल तेव्हा टॅप करून उतरेल. यात एक फायदा असाही की अँड्रॉइडवर हा बॅकअप गुगल खात्याच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत मोजला जातो, ती जागाही सुटते.

गुगल फोटोजमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून Photos settings आणि त्यात Backup उघडा. Back up device folders मध्ये जाऊन कॅमेरा सोडून बाकीची फोल्डर बंद करा. स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपची फोल्डर इथेच सापडतील. मुख्य बॅकअप मात्र कायमचा बंद करू नका. रामकुंडावर हातातून फोन पाण्यात गेला तर मुलाच्या बारशाचे फोटो पुन्हा मिळायचे नाहीत. आपल्याला तो बंद करायचा नाही, त्याची वेळ बदलायची आहे.

वेळ बदलण्यातच खरी अडचण आहे, कारण 'रात्री एकनंतरच चढव' असं घड्याळ फोटोंच्या अ‍ॅपमध्ये मिळत नाही. अँड्रॉइडवर घरचं वायफाय मोजून मिळणारं आहे असं फोनला सांगता येतं. वायफायच्या नावासमोरच्या गिअरमध्ये Treat as metered किंवा तशाच अर्थाचा पर्याय असतो. मग बरीच अ‍ॅप्स त्याला मोबाइल डेटासारखं वागवतात आणि मोठी कामं थांबवून ठेवतात. झोपताना तो पर्याय परत बदलायचा. रोज हे कंटाळवाणं होतं हे मान्य, म्हणून मी ते फक्त सणासुदीनंतर किंवा सहलीनंतरच्या दोन-तीन दिवसांपुरतं सुचवतो. एरवी दिवसाला दहा-वीस फोटो चढतात, त्यांचा त्रास होत नाही.

आयफोनवर वायफायच्या नावासमोरच्या i वर टॅप करून Low Data Mode चालू केला की आपोआप होणारी अपडेट आणि आयक्लाउड फोटोंचा सिंक थांबतो. त्याचा संपूर्ण बॅकअप फोन चार्जिंगला, लॉक केलेला आणि वायफायवर असेल तेव्हा होतो. त्यामुळे सकाळी घरातल्या कामाच्या टेबलावर फोन चार्जिंगला लावायची सवय असेल, तर ती रात्रीवर नेणं हाच निम्मा उपाय. सिडकोत तेच केलं. धाकट्याचा फोन दिवसा Low Data Mode वर ठेवला, रात्री अकराला तो काढून उशाशी चार्जिंगला लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रहाड चढून गेली होती.

प्ले स्टोअरची अपडेट म्हणजे डाउनलोड, तिचा त्रास मानाने कमी. तरी Settings मधल्या Network preferences खाली Auto-update apps बघून घ्या.

लॅपटॉप, आणि लाइट गेल्यावरचं हॉटस्पॉट

विंडोज लॅपटॉपवर Ctrl+Shift+Esc दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि Network या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक करा. सगळ्यात जास्त वापरणारा वर येतो. तिथे वनड्राइव्ह दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नवीन लॅपटॉप सुरू करताना कुठेतरी 'होय' म्हटलेलं असतं आणि डेस्कटॉपपासून फोटोंपर्यंत सगळी फोल्डर वर चढायला लागलेली असतात. घड्याळाशेजारच्या ढगावर क्लिक करून Settings मध्ये Sync and backup खाली Manage backup मधून नको ती फोल्डर काढता येतात. त्याच भागात Advanced settings मध्ये अपलोडच्या वेगाला मर्यादाही घालता येते. गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या अ‍ॅपमध्येही अशी सोय आहे. अपलोड ५ एमबीपीएस असेल तर दीड एमबीपीएसच्या आसपास मर्यादा ठेवा. पण हे आकडे तिथे KB/s मध्ये लिहायचे असतात. दीड एमबीपीएस म्हणजे साधारण १९० KB/s. तिथे १५०० लिहिलं तर मर्यादा घातली काय न घातली काय, सारखंच.

विंडोजचं अपडेट डाउनलोड असतं, पण त्यात अपलोडचीही एक फट आहे. Settings, Windows Update, Advanced options, Delivery Optimization इथे तुमच्या संगणकावरून इंटरनेटवरच्या परक्या संगणकांना अपडेटचे तुकडे पाठवायची परवानगी चालू असू शकते. ती फक्त घरातल्या नेटवर्कपुरती ठेवा किंवा बंद करा.

लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि आपण लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर टाकतो. लॅपटॉपला तेही वायफायच वाटतं. सकाळपासून अडकलेला सिंक आणि अपडेट मग दिवसाच्या दोन जीबीवर तुटून पडतात आणि अर्ध्या तासात 'डेटा संपला' असा मेसेज येतो. उपाय सोपा आहे आणि एकदाच करायचा आहे. हॉटस्पॉटला जोडलेलं असताना वायफायच्या Properties मध्ये Metered connection चालू करा. विंडोज त्या नावासाठी हे लक्षात ठेवतं. वनड्राइव्ह अशा कनेक्शनवर थांबतो आणि बहुतेक अपडेटही पुढे ढकलली जातात.

महिन्याच्या कोट्याची भीती मात्र फायबरवर सहसा नको. अनेक मोठ्या कंपन्यांच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते आणि घरगुती बॅकअपने ती संपणं अवघड. आपली अडचण एकूण किती गेलं याची नाही, एकाच वेळी किती जातंय याची आहे.

राउटरवर मर्यादा, जमत असेल तर

स्वतः विकत घेतलेला राउटर असेल तर त्यात QoS किंवा Bandwidth Control नावाचा भाग शोधा. तिथे अपलोडचा वेग खऱ्या आकड्याच्या ८५ ते ९० टक्के लिहायचा. ५ मिळत असेल तर साडेचारच्या खाली. मुद्दाम कमी लिहायचं कारण असं की मग रांग आपल्या राउटरमध्ये लागते आणि तो मीटिंगच्या लॅपटॉपला पुढे काढू शकतो. पूर्ण आकडा लिहिला तर रांग पुढच्या डब्यात लागते, तिथे आपलं काही चालत नाही. काही राउटरमध्ये SQM असतं, ते असेल तर तेच वापरा. कुणाला पुढे काढायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

कंपनीच्या डब्यात हे बहुधा नसतं, किंवा असलं तरी पासवर्ड त्यांच्याकडे असतो. अशा वेळी निव्वळ यासाठी नवीन राउटर घ्यायची मी घाई करणार नाही. फोनवरचे बदल करून आठवडाभर बघा. अपलोडच ५ असेल आणि घरात दोघं मीटिंगवाले असतील, तर तेवढे पैसे दोन्ही बाजूंना सारखा वेग देणाऱ्या प्लॅनवर घातलेले बरे.

सगळं बंद करूनही आकडा उतरला नाही तर

राउटरला एकच लॅपटॉप केबलने जोडा, वायफाय पूर्ण बंद करा, आणि पुन्हा दोन पिंग लावा. एकट्या लॅपटॉपवरही, त्याचा सिंक थांबवून, बाहेरचा आकडा शंभर-दोनशेच्या खाली येत नसेल, तर आता तक्रार करायला हरकत नाही. fast.com वर तेव्हा Unloaded चाच आकडा मोठा दिसेल. त्याचा स्क्रीनशॉट, सुरुवातीला रात्री काढून ठेवलेला स्क्रीनशॉट आणि पिंगच्या खिडकीचा फोटो नेटवाल्याला पाठवा. "नेट स्लो आहे" म्हटलं तर तो स्पीड टेस्ट करून परत जातो. "वायफाय बंद करून केबलवर बघितलं, राउटरला तीन मिलिसेकंद लागतात आणि बाहेर दोनशे" असं म्हटलं तर त्याला खांबावरचा जोड तपासायला जावं लागतं.